दामदुप्पट किती वर्षांत?

आमच्या आजीच्या कपाटात, लग्नाच्या साड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक झेरॉक्स आहे. 1995 साली तिने वास्कोच्या पोस्टातून पाच हजारांचं किसान विकास पत्र घेतलं होतं, त्याची. साडेपाच वर्षांनी त्याचे दहा हजार झाले, त्यातून घराचं छप्पर दुरुस्त झालं. तेव्हापासून आजीच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे: पैसे साडेपाच वर्षांत डबल होतात. पाव पहाटे येतो, मासळी सकाळी येते आणि पैसे साडेपाच वर्षांत डबल होतात. निसर्गनियमच जणू!

गेल्या वर्षी पप्पा रिटायर झाले. हातात थोडी रक्कम आली, आणि रक्कम आली की माणसंही येतात. ओळखीतले एक गृहस्थ चहाला आले आणि एका स्कीमचा रंगीत कागद टेबलावर ठेवून गेले. दोन वर्षांत दुप्पट. पप्पा म्हणाले, "दोन वर्षांत कसे होतील?" आजी म्हणाली, "त्यात काय? माझे साडेपाचात झाले होते. आता सगळंच फास्ट झालंय."

मी साहित्याची विद्यार्थिनी. टक्केवारी पाहिली की माझे डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात. पण बारावीला कॉमर्स घेतलेल्या माझ्या मैत्रिणीने मला एक आकडा दिला होता, 72, आणि त्या दिवशी तो उपयोगी पडला.

युक्ती अगदी साधी आहे. चक्रवाढ व्याजाचा वार्षिक दर जो असेल त्याने 72 ला भागायचं. उत्तर येतं ती पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं. दर 8 टक्के असेल तर 72 भागिले 8, म्हणजे 9 वर्षं. दर 6 असेल तर 12 वर्षं. झालं. कॅल्क्युलेटर नको, लॉगचं कोष्टक नको.

खरं वाटत नसेल तर एकदा हाताने करून बघा, मी केलं. हजार रुपये, 8 टक्के. पहिल्या वर्षाअखेर 1080. दुसऱ्या वर्षी व्याज हजारावर नाही, 1080 वर, म्हणून 1166. मग 1260, 1360, 1469, 1587, 1714, 1851 आणि नवव्या वर्षी 1999. एक रुपया कमी. पहिल्या वर्षी 80 रुपये वाढले होते, नवव्या वर्षी 148 वाढले. दर तोच आहे, पण व्याजावरही व्याज चढतंय. सरळ व्याज असतं तर दर वर्षी 80 च मिळाले असते आणि दुप्पट व्हायला साडेबारा वर्षं लागली असती. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा की व्याज मुद्दलात मिसळतंय का. सरळ व्याजाला 72 चालत नाही, तिथे 100 ला भागावं लागतं. आणि दर महिन्याला व्याज काढून घरखर्चाला वापरलं तर मुद्दल शंभर वर्षांनीही तेवढंच राहणार.

मग 72 च का? नेमकं गणित केलं तर अगदी लहान दरांसाठी तो आकडा 69.3 येतो. दर वाढत गेला की आकडाही हळूहळू वाढतो, आणि 8 टक्क्यांच्या आसपास तो 72 ला पोचतो. शिवाय 72 ला 2, 3, 4, 6, 8, 9, 12 या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. तोंडी हिशेब करणाऱ्याला आणखी काय हवं? हा नियम छापील पुस्तकात 1494 मध्येच सापडतो. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन संन्याशाने व्हेनिसमध्ये छापलेल्या अंकगणिताच्या मोठ्या ग्रंथात तो दिला आहे, पण का चालतो ते सांगितलेलं नाही. व्यापाऱ्यांना चालतं एवढं पुरे होतं बहुधा.

आता आजीच्या किसान विकास पत्राकडे येऊ, कारण या नियमासाठी त्याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही. ही सरकारी योजना 1988 मध्ये सुरू झाली आणि तिचं वचनच मुळी दुप्पट करण्याचं आहे. इतर ठेवींत दर आणि मुदत दोन्ही सांगतात आणि शेवटी किती मिळणार ते आपण काढायचं. इथे शेवट ठरलेला असतो, दुप्पट. दर बदलला की मुदत बदलते. म्हणजे योजनेचा इतिहास हाच 72 चा पाढा.

आजीच्या वेळी मुदत साडेपाच वर्षं. आता नियम उलटा वापरा: 72 भागिले 5.5, साधारण 13. खरा दर होता 13.4 टक्के. पुढे 1999 पासून दर उतरत गेले आणि 2003 मध्ये मुदत आठ वर्षं सात महिने झाली. 2011 च्या शेवटी योजना बंद पडली, 2014 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली ती 100 महिन्यांच्या मुदतीने, 8.7 टक्क्यांवर. 2020 मध्ये दर 6.9 वर आला तेव्हा मुदत 124 महिने झाली. 1 एप्रिल 2023 पासून दर 7.5 आहे. भागून बघा: 72 भागिले 7.5 म्हणजे 9.6 वर्षं, महिने केले तर 115.2. पोस्टाच्या तक्त्यावर लिहिलंय 115 महिने. मी पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं तेव्हा कादंबरीतलं एखादं रहस्य उलगडल्यासारखं वाटलं होतं. (मैत्रीण म्हणाली, तू फार थोड्यात खूश होतेस.)

म्हणजे आजीचं साडेपाच आता साडेनऊच्या वर गेलंय. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "सरकारने लुटलं." पण थांबा, तेही तितकं सरळ नाही. 72 महागाईलाही लागतो. तिथे तो किमती दुप्पट व्हायची वर्षं सांगतो. नव्वदच्या दशकात महागाई कित्येक वर्षं दहा टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे सुमारे सात वर्षांत सगळ्याची किंमत दुप्पट. आजीचे पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट झाले खरे, पण तोवर पाच हजारांच्या सामानाला साडेआठ हजारांच्या घरात मोजावे लागत होते. खरा फायदा किती हे बघायचं तर दरातून महागाई वजा करायची आणि उरलेल्याने 72 ला भागायचं. आजीचं 13.4 वजा 10, उरले 3.4: दुप्पट सामान घेता यायला एकवीसेक वर्षं. आज महागाई पाच धरली तर 7.5 वजा 5, उरले अडीच: एकोणतीस वर्षं. आजीचा काळ बरा होता, पण साडेपाच विरुद्ध साडेनऊ इतका बरा नव्हता. ही वजाबाकी ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवते. आणि किसान विकास पत्राच्या व्याजावर इन्कम टॅक्स लागतो हेही विसरू नका. वीस टक्के कर भरणाऱ्याचे 7.5 चे 6 च उरतात, आणि 6 म्हटलं की बारा वर्षं.

आता तो रंगीत कागद. दोन वर्षांत दुप्पट: 72 भागिले 2, म्हणजे वर्षाला 36 टक्के. हे ऐकून पप्पा गप्प झाले. पण इथे नियमाची मर्यादा सांगितली पाहिजे. मोठ्या दरांना 72 कमी पडतो. 36 टक्क्यांनी दोन वर्षांत शंभराचे 136 आणि मग 185 च होतात, 200 नाही. दोनशे व्हायला 41 टक्क्यांच्या वर दर लागतो. म्हणजे नियमाने आलेलं 36 सुद्धा त्या स्कीमवर दया दाखवत होतं. दर मोठा असेल तर 8 च्या वरच्या प्रत्येक तीन टक्क्यांमागे 72 मध्ये एक मिळवायचा. 36 साठी 81 होतात, 81 भागिले 36 म्हणजे सव्वादोन वर्षं, आणि हे उत्तर बरोबर येतं.

मग पप्पांनीच पुढचा प्रश्न विचारला, गणिताचा नव्हे, साध्या व्यवहाराचा. ज्याच्या धंद्यात वर्षाला 41 टक्क्यांहून जास्त सुटतात, तो बँकेतून कर्ज का काढत नाही? बँक त्याच्याकडून याच्या निम्म्यानेसुद्धा व्याज घेणार नाही. मग तो आमच्या घरी येऊन चहा का पितोय? एकच उत्तर संभवतं. बँक कागदपत्रं मागते, आणि आम्ही ती मागणार नाही हे त्याला माहीत आहे.

उलट बाजूनेही हा आकडा तसाच धारदार आहे. क्रेडिट कार्डवर महिन्याला साडेतीन टक्के लागत असतील तर 72 भागिले 3.5, म्हणजे साधारण वीस महिने. इथे दर महिन्याचा आहे म्हणून उत्तरही महिन्यांत येतं. वर्षं समजलात तर फसाल. काहीच न भरता राहिलात तर वीस महिन्यांत बाकी दुप्पट, वर दंड वेगळा.

'दामदुप्पट' हा शब्द मी जाहिरातीतच ऐकला होता. शोधलं तर कळलं की तो मुळात सावकाराला घातलेला लगाम होता: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, असा जुन्या हिंदू कायद्यातला नियम, आणि मुंबई इलाख्यातली कोर्टं तो मानत होती. ऋणकोच्या संरक्षणाचा शब्द गुंतवणुकीच्या आमिषाचा कसा झाला यावर आमच्या भाषाशास्त्राच्या सरांना एकदा विचारायचं आहे.

ते गृहस्थ आठवड्याने पुन्हा आले. पप्पांनी विचारलं, "व्याज वर्षाला किती टक्के पडतं?" ते म्हणाले, "टक्के नाही हो, डायरेक्ट डबल." पप्पांनी चहा दिला, कागद परत दिला. रकमेचा एक भाग पोस्टात गेला. आता झेरॉक्स करायला कागदी पत्र मिळत नाही, पासबुक मिळतं, आणि आजीला ते मुळीच पटलेलं नाही. तिने कॅलेंडरच्या मागे 115 महिने मोजले आणि मला विचारलं, "तोपर्यंत तुझं वय किती?"

"एकतीस होईल, आजी."

"आणि माझं?"

मी भागाकार सोडून बेरीज केली. ब्याण्णव. तिने पासबुक त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या झेरॉक्सच्या वर ठेवलं.