अक्कांची सहाची गोळी

आमच्या अफजलपुरातल्या गल्लीतल्या अक्का गेल्या उन्हाळ्यात धाकट्या मुलाकडे, अमेरिकेत डॅलसला निघाल्या. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, गाणगापूरला जाऊन दत्ताचं दर्शनही झालं. निघायच्या आठ दिवस आधी त्या माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरवर गोळ्यांची पिशवी ठेवून म्हणाल्या, "तिकडं रात्र असते म्हणं आपल्या दिवसाला. मग माझ्या सहाच्या गोळीला कसं कळायचं सहा वाजले ते?"

औषधांच्या दुकानात माझी तीस वर्षं गेली, पण इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र सगळ्या गोळ्यांना एकच नाही. गोळी शरीरात किती काळ टिकते, यावर ते ठरतं.

अक्कांच्या पिशवीत तीन गोळ्या होत्या. थायरॉइडची, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, सकाळी सहाला उपाशीपोटी. बीपीची, टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र असलेली, आठला नाश्त्यानंतर. आणि दुपारी जेवणानंतर कॅल्शियमची.

थायरॉइडच्या गोळीबद्दल लोकांना जितकी धास्ती असते तितकी नको. रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे आज घेतलेली गोळी पुढच्या आठवड्यातही काम करत असते. एक दिवस दहा तासांचा फरक पडला, तर शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. रक्ताच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा स्थिर व्हायलाच सहा आठवडे लागतात. एका विमानप्रवासानं तो हलत नाही. या गोळीचा खरा शत्रू चहा आहे. कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताची काही औषधंही तिला आतड्यात अडवतात. म्हणून ती पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही खायचं-प्यायचं नाही आणि कॅल्शियमपासून चार तासांचं अंतर ठेवायचं. विमानात घड्याळापेक्षा हे सांभाळणं अवघड, कारण हवाईसुंदरी ट्रे घेऊन कधी येईल ते आपल्या हातात नसतं.

बीपीच्या गोळीत मात्र गोळीगणिक फरक. अक्कांचं नशीब चांगलं होतं. अ‍ॅम्लोडिपिन निम्म्यावर यायला तीस ते पन्नास तास लागतात आणि टेल्मिसार्टनलाही जवळपास एक दिवस. अशा गोळीला काही तासांचा उशीर झाला तरी बीपी एकदम उसळत नाही, म्हणून कॅलेंडर बघून तारखेला एक घेतली तरी पुरतं. साधी मेटोप्रोलॉल काही तासांतच उतरते आणि दिवसातून दोनदा घ्यावी लागते. क्लोनिडिन असेल तर डोस चुकल्यावर बीपी पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतं. तिथं कॅलेंडर सोडून तास मोजावे लागतात. आपली गोळी कोणत्या जातीची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग मी जुन्या बिलाच्या पाठीवर अक्कांचा प्रवास मांडला. सोमवारी संध्याकाळी अफजलपुरातून गाडीनं कलबुर्गीमार्गे हैदराबाद. मंगळवारी पहाटे ४.२० ला विमान, दुबईला तिथल्या ६.३० ला, म्हणजे आपल्या आठला, उतरणार. तिथून आपल्या १०.३० ला पुढचं विमान, सोळा तास. डॅलसला पोहोचणार आपल्या बुधवारच्या रात्री अडीचला. पण तिथं तेव्हा मंगळवारचे दुपारचे चारच वाजलेले! उन्हाळ्यात डॅलस आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतं. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं बदलली की साडेअकरा.

मंगळवारची थायरॉइडची गोळी कुठं बसवायची? रात्री आठला वाटेत भाकरी-भाजी, एकच्या सुमारास विमानतळावर चहा, त्यानंतर तोंड बंद. पावणेपाचला विमान वर गेलं की पाणी मागून गोळी. ट्रे येईतो तासभर सहज जातो. आठला दुबई विमानतळावर बीपीची. मंगळवार संपला. कॅल्शियम दुसऱ्या विमानातल्या जेवणानंतर, चार तास उलटून गेलेले.

त्यानंतरच्या गोळ्या थेट बुधवारी सकाळी, डॅलसच्या सहाला आणि आठला. बीपीच्या दोन गोळ्यांत अंतर पडलं साडेचौतीस तासांचं. अक्कांच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, या गोळीला चालेल.

चूक होते ती पोहोचल्याच्या संध्याकाळी. डॅलसला रात्री साडेनऊला आपल्याकडं बुधवारचे सकाळचे आठ वाजतात. हातातलं घड्याळ आपल्याच वेळेचं असलं की माणूस गोळी घेतो. सकाळी उठल्यावर "नवा दिवस" म्हणून पुन्हा घेतो. साडेदहा तासांत दोन डोस. थायरॉइडच्या बाबतीत एकदा असं झालं तर फारसं बिघडत नाही, पण बीपीच्या दोन गोळ्यांवर बिछान्यातून उठताना चक्कर येऊ शकते; तीही परक्या घरात, अंधारात बाथरूम शोधताना. उलट चुकलेली गोळी बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही. "डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक आहे" हे मी दुकानात हजारदा ऐकलंय, आणि ते खरं नाही.

दिवसातून दोनदा घ्यायची गोळी असती, तर साडेदहा तासांचा हा फरक उलट सोयीचा झाला असता. आपली सकाळची वेळ तिथली रात्र होते, आणि बारा तासांचा सांधा फार न हलता जुळतो.

मोबाइलच्या गजरावरही विसंबायला नको. विमानात नेटवर्क नसलं की फोन दुबईच्या वेळेवर अडकून राहतो, उतरल्यावर आपोआप बदलतो आणि गजर भलत्याच तासाला वाजतो. अक्कांना मी सांगितलं, हातातलं घड्याळ आपल्या वेळेवरच ठेवा आणि चिठ्ठीत प्रत्येक गोळीपुढं दोन वेळा लिहा, एक आपली आणि एक जिथं असाल तिथली. घेतली की काट मारा. पोहोचल्यावर घड्याळ बदला, मग चिठ्ठी फाडा.

एक गोष्ट मात्र मी त्यांना रागावूनच सांगितली. सुनेनं पाठवलेल्या सात कप्प्यांच्या डबीत त्यांनी सगळ्या गोळ्या पाकिटातून फोडून भरल्या होत्या. टेल्मिसार्टन हवेतली ओल ओढते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. थायरॉइडच्या गोळीलाही ओल आणि उजेड चालत नाही. ती तिच्या बाटलीतच बरी. डबी रिकामी करायला लावली आणि पाकिटं कात्रीनं कापून त्यात ठेवली, फॉइलसकट.

गोळ्या हातातल्या पिशवीत. मोठी बॅग दुसऱ्याच गावी पोहोचली, तर पहिल्याच दिवशी पंचाईत. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत, टाइप केलेलं, त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मायक्रोग्रॅम-मिलिग्रॅम. आपल्याकडचं कंपनीचं नाव तिकडच्या दुकानदाराला कळेलच असं नाही, "लेव्होथायरॉक्सिन" मात्र कुणालाही कळतं. अमेरिकेत स्वतःपुरता साधारण नव्वद दिवसांचा साठा चालतो. अक्का सहा महिन्यांसाठी निघालेल्या, त्यामुळं उरलेल्या तीन महिन्यांची सोय मुलानं तिथल्या डॉक्टरांकडून करून ठेवली.

परतीचा हिशेब मी त्यांच्या मुलाला फोनवर सांगितला. हिवाळा लागायच्या आधीचंच तिकीट होतं. रविवारी सकाळच्या गोळ्या डॅलसलाच, संध्याकाळी सातला विमान, आणि हैदराबादला उतरेपर्यंत मंगळवारची पहाट. मधला सोमवार बहुतेक हवेतच गेलेला. बीपीची पुढची गोळी मंगळवारी आपल्या आठला घेतली, तर अंतर साडेसदतीस तासांचं. डॉक्टर म्हणाले, जाताना निभावलं तसं येतानाही निभावेल, फक्त मधे दोनदा घेऊ नका.

अक्का आल्या त्या मंगळवारी सकाळी आठला कलबुर्गीच्या अलीकडं, गाडीत होत्या. ड्रायव्हरला थांबवून त्यांनी आधी पोहे मागवले, मग गोळी घेतली.