चार शेअर, सारखी जोखीम

हाताशी लाखभर रुपये आहेत आणि चार कंपन्यांचे शेअर घ्यायचं ठरलं आहे. अशा वेळी बहुतेक जण पंचवीस-पंचवीस हजारांचे चार वाटे करतात आणि सगळीकडे सारखे पैसे गेले म्हणून निर्धास्त होतात. पैसे सारखे गेले हे खरंच. जोखीम मात्र एकाच शेअरपाशी गोळा झालेली असते, आणि आकडे मांडल्याशिवाय ते दिसत नाही.

आपण मांडूनच बघू. पहिली कंपनी साबण-टूथपेस्ट विकणारी, दुसरी मोठी बँक, तिसरी घरकर्ज देणारी वित्त कंपनी आणि चौथी एक लहान रसायन कंपनी. त्यांच्या भावातली वार्षिक अस्थिरता अनुक्रमे १५, २०, ३० आणि ६० टक्के आहे असं धरू. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत, पण असे शेअर बाजारात सहज सापडतात. अस्थिरता १५ टक्के म्हणजे साधारण तीनपैकी दोन वर्षं त्या शेअरचा परतावा आपल्या सरासरीच्या १५ टक्के वर-खाली एवढ्या पट्ट्यात राहतो. अस्थिरता जितकी जास्त तितका हा पट्टा रुंद.

आता प्रत्येकात २५ हजार घातले तर एका वर्षाचा नेहमीचा हेलकावा पहिल्यात ३,७५० रुपयांचा आणि चौथ्यात १५,००० रुपयांचा. त्यात आणखी एक गोष्ट आहे. एकमेकांशी संबंध नसलेले हेलकावे काही अंशी एकमेकांना खोडून काढतात, म्हणून त्यांची सरळ बेरीज करत नाहीत, त्यांच्या वर्गांची करतात. १५, २०, ३० आणि ६० यांचे वर्ग २२५, ४००, ९०० आणि ३,६००. बेरीज ५,१२५. त्यातले ३,६००, म्हणजे सुमारे ७० टक्के, एकट्या रसायन कंपनीचे! पैसे पाव हिस्सा आणि जोखीम पाऊणच्या जवळ. बाकीचे तीन शेअर असले काय नि नसले काय, या गुंतवणूकदाराची झोप चौथ्याच्याच हातात.

उपाय बागेतल्या सी-सॉसारखा आहे. जड मुलाला मध्याजवळ बसवायचं आणि हलक्याला टोकाला, म्हणजे फळी समतोल राहते. इथेही जो शेअर जास्त उसळतो त्यात कमी पैसे, आणि ते नेमक्या त्याच प्रमाणात कमी. प्रत्येक अस्थिरतेचा व्यस्तांक घ्यायचा, म्हणजे एकला तिने भागायचं. १/१५, १/२०, १/३० आणि १/६० यांचं प्रमाण ४ : ३ : २ : १ असं येतं. त्यामुळे लाखाची वाटणी ४०, ३०, २० आणि १० हजार अशी होते. पडताळा घ्या. ४० हजारांचे १५ टक्के सहा हजार, ३० हजारांचे २० टक्के सहा हजार, २० हजारांचे ३० टक्के सहा हजार आणि १० हजारांचे ६० टक्केही सहाच हजार. हे चार शेअर एकमेकांशी असंबद्ध असतील तर पूर्ण गुंतवणुकीची अस्थिरता जवळपास १८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते.

ही पद्धत फक्त पुस्तकातली नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी १०० लो व्होलॅटिलिटी ३० हा निर्देशांक शंभर मोठ्या कंपन्यांमधून कमी अस्थिर अशा तीस निवडतो आणि त्यांना याच तत्त्वाने वजन देतो.

घरी अस्थिरता काढायला एक्सेल पुरतं. वर्षभराचे रोजचे बंद भाव एका रकान्यात, शेजारच्या रकान्यात आदल्या दिवसापेक्षा झालेला टक्केवारी बदल. त्या बदलांचं प्रमाण विचलन काढून २५२ च्या वर्गमुळाने गुणायचं, कारण वर्षात बाजार साधारण तेवढे दिवस चालतो. बदल C3 ते C254 मध्ये असतील तर सूत्र असं:

```
=STDEV(C3:C254)*SQRT(252)
```

२५२ चं वर्गमूळ सोळाच्या अगदी जवळ आहे. म्हणून रोज एक टक्का विचलन असलेल्या शेअरची वार्षिक अस्थिरता १६ टक्के, हे तोंडी सांगता येतं.

सूत्र चुकत नाही, त्यात घातलेले भाव चुकतात. साबणवाल्या कंपनीने एकास एक बोनस दिला असं समजा. त्या दिवशी शेअरचा भाव निम्मा होतो, पण शेअर दुप्पट झालेले असल्यामुळे कुणाचं काहीच बुडत नाही. भावांच्या यादीत ही दुरुस्ती केलेली नसेल तर सूत्राला मात्र एका दिवसात ५० टक्क्यांची घसरण दिसते. त्या एका दिवसामुळे १५ टक्क्यांची अस्थिरता ५२ टक्क्यांवर जाते आणि चारांतल्या सर्वांत शांत शेअरचं वजन ४० वरून १६ टक्क्यांवर घसरतं. म्हणून वजनं काढण्याआधी प्रत्येक रकान्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा बदल बघावाच. उणे ५० किंवा उणे ८० च्या आसपासचा आकडा दिसला की बोनस किंवा विभाजनाची तारीख तपासायची.

उलट बाजूची चूक मला जास्त घातक वाटते. ज्या शेअरमध्ये व्यवहारच होत नाहीत त्याचा भाव दिवसेंदिवस हलत नाही. सूत्राला तो शांत वाटतो आणि ते त्याला भरघोस वजन देतं. विकायला जाल तेव्हा घेणारा नसतो. बदलांच्या रकान्यात शून्यांची रांग दिसली तर तो शेअर यादीतून काढलेला बरा.

आता असंबद्ध या शब्दाकडे परत जाऊ, कारण तिथे पद्धतीची खरी मर्यादा आहे. बँक आणि घरकर्ज कंपनी दोघीही व्याजदरांवर जगतात, त्यांचे शेअर बरोबरच चढतात-उतरतात. त्या दोघींतला सहसंबंध ०.८ आणि बाकी सगळ्या जोड्यांतला ०.२ धरला, तर चौघांचा जोखमीतला वाटा पंचवीस-पंचवीस टक्के राहत नाही. बँक आणि घरकर्ज मिळून ५८ टक्के, उरलेल्या दोघांचे ४२. व्यस्तांकाची पद्धत प्रत्येक शेअरकडे सुटं बघते, कोण कुणाचा सोबती आहे हे तिला ठाऊक नसतं. सगळ्या जोड्यांतला सहसंबंध सारखा असेल तर वाटे तंतोतंत सारखे होतात. त्यामुळे एका क्षेत्रातले शेअर आधी एका गटात बांधून गटांमध्ये वाटणी करणं शहाणपणाचं.

दुसरी मर्यादा २३ मार्च २०२० ला दिसली. त्या दिवशी सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, १३ टक्क्यांहून जास्त कोसळला. अशा काळात सगळ्यांचीच अस्थिरता वाढते. चारही आकडे दुप्पट झाले, ३०, ४०, ६० आणि १२० झाले, तरी व्यस्तांकांचं प्रमाण पुन्हा ४ : ३ : २ : १ च येतं. वाटणी जशीच्या तशी, पण प्रत्येकाचा हेलकावा सहा हजारांऐवजी बारा हजारांचा. ही पद्धत जोखीम वाटून देते, तिला झाकण घालत नाही. एकूण जोखीम आवरायची असेल तर काही पैसे शेअरबाहेर ठेवावे लागतात, आणि तो निर्णय वेगळा. कोणता शेअर वाढेल याबद्दलही ती काही बोलत नाही. लहान कंपन्या उधळलेल्या वर्षी चौथ्यात दहाच हजार असल्याची हळहळ होणार, ती स्वीकारूनच हा मार्ग धरावा.

फेरवाटणी तीन महिन्यांतून एकदा पुरते. रसायन कंपनी निवळून ६० वरून ४० वर आली तर नवी वजनं साधारण ३८, २९, १९ आणि १४ येतात. तेवढ्यासाठी बाकीचे तीन विकायला धावू नये. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर सध्या २० टक्के कर आहे, शिवाय दलाली वेगळी. दरमहा थोडे पैसे घालत असाल तर पुढचे दोन-तीन हप्ते फक्त चौथ्या शेअरमध्ये घाला. वजनं जागेवर येतात आणि काहीच विकावं लागत नाही.