वाक्यांतून तक्त्याकडे : 'उरलेले तास' सगळ्यांत शेवटी

बदली तासांचा तक्ता या आठवड्यात घेऊ असे म्हटले होते. तो पुढच्या वेळी घेतो, कारण मागच्या लेखातल्या यादीबद्दल सिल्लोडच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न आधी हातावेगळा करायला हवा. त्यांच्या शाळेत आठवड्याचे वेळापत्रक विषयवार वाक्यांत टाइप होऊन येते आणि प्रत्येक वर्गशिक्षक त्यातून आपल्या वर्गाचा तक्ता करून भिंतीवर लावतो. वाक्य वाचायचे, त्या वाराखाली त्या तासिकेत विषय लिहायचा. एवढ्या सरळ कामात एका तासिकेला एक ओळ अशी यादी मधे कशासाठी, असे त्या विचारतात. माझे म्हणणे असे की वाक्यांतून थेट भरलेला वर्गाचा तक्ता दिसायला कितीही नेटका असला, तरी तो बरोबर आहे की नाही हे त्याच्याकडे बघून कळतच नाही. यादी लागते ती त्यासाठी.

नमुन्याला एक मजकूर घेऊ. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका आणि शनिवारी सकाळच्या शाळेत पाच, म्हणजे आठवड्याच्या पंचेचाळीस. मजकूर असा: "गणित : आठवी अ रोज पहिला तास. आठवी ब रोज दुसरा, शनिवारी पहिला. उरलेले तास कला व कार्यानुभव." दोन्ही तुकड्यांना गणिताचे शिक्षक एकच आहेत आणि शाळेच्या विषयवार वाटपात गणिताला दोन्हीकडे सहा तासिका आहेत. आता 'रोज'मध्ये शनिवार धरायचा का? अ तुकडीच्या वर्गशिक्षकाने धरला, तर त्याच्या तक्त्यात गणिताच्या सहा तासिका नीट बसतात. ब तुकडीच्या तक्त्यातही पाच आणि एक मिळून सहाच होतात. दोन्ही तक्ते निर्दोष दिसतात. फक्त शनिवारी पहिल्या तासाला एकच शिक्षक दोन वर्गांत असायला हवा. ही चूक एका वर्गाच्या तक्त्यात दिसणे शक्यच नाही. तो तक्ता वार आणि तासिका सांगतो; शेजारच्या वर्गात त्या वेळी कोण आहे, हे सांगत नाही.

शनिवार धरला नाही, तर त्याहून वाईट घडते. अ तुकडीच्या शनिवारच्या पहिल्या चौकटीत काहीच उरत नाही आणि तिथे ते तिसरे वाक्य धावून येते: उरलेले तास कला व कार्यानुभव. चौकट भरते, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जागा भरतात आणि गणिताच्या मात्र पाचच तासिका होतात. रिकामी चौकट हा तक्त्यातला सगळ्यांत उपयोगी इशारा असतो, आणि 'उरलेले तास' म्हणणारे वाक्य नेमका तोच पुसून टाकते. म्हणून माझा आग्रह असा की ते वाक्य कुठेही टाइप केलेले असो, ते लागू करायचे सगळ्यांत शेवटी. आधी नेमके वार आणि तासिका सांगणारी वाक्ये, मग 'रोज' आणि 'एक दिवसाआड'ची. त्यानंतर प्रत्येक विषयाच्या तासिका मोजून वाटपाच्या कागदाशी ताडायच्या. तो हिशेब जुळला, तरच उरलेल्या चौकटी कलेला आणि कार्यानुभवाला द्यायच्या. आणि त्यांचीही संख्या वाटपाएवढीच निघाली पाहिजे.

यादीत पाच रकाने पुरतात: वार, तासिका, वर्ग, विषय, शिक्षक. 'रोज पहिला तास' या तीन शब्दांच्या तिथे सहा ओळी होतात, आणि सहावी ओळ लिहिताना शनिवारचा प्रश्न टाळता येत नाही. 'मधल्या सुट्टीनंतरचा तास' लिहितानाही तसेच होते. सुट्टी इतर वारी चौथ्या तासानंतर आणि शनिवारी तिसऱ्यानंतर असेल, तर एकाच वाक्यातून पाचवी आणि चौथी असे दोन आकडे निघतात. अनेक उर्दू शाळांत जुम्म्याच्या नमाजेमुळे लवकर सुटण्याचा वार शुक्रवार असतो. तिथे ही सगळी काळजी शनिवारऐवजी शुक्रवारच्या रकान्यात घ्यायची, आणि तक्ता उजवीकडून डावीकडे वाचला जाणार म्हणून सोमवार उजव्या टोकाला ठेवायचा.

यादी एक्सेलमध्ये 'यादी' नावाच्या शीटवर असेल, तर शिक्षकाची टक्कर शोधायला सहाव्या रकान्यात पहिले सूत्र लिहून खाली ओढा. उत्तर 1 पेक्षा जास्त आले की तो शिक्षक त्या वेळी दोन ठिकाणी आहे. दुसरे सूत्र वर्गाच्या तक्त्याचे. त्या शीटवर `A1` मध्ये वर्ग, दुसऱ्या ओळीत वार आणि पहिल्या रकान्यात तासिकेचे आकडे आहेत असे धरले आहे.

```
=COUNTIFS($A$2:$A$1000,A2,$B$2:$B$1000,B2,$E$2:$E$1000,E2)

=IFERROR(TEXTJOIN(" / ",TRUE,FILTER('यादी'!$D$2:$D$1000,
 ('यादी'!$A$2:$A$1000=B$2)*('यादी'!$B$2:$B$1000=$A3)
 *('यादी'!$C$2:$C$1000=$A$1))),"?")
```

एका चौकटीसाठी दोन ओळी सापडल्या तर हे सूत्र 'गणित / हिंदी' असे दोन्ही विषय दाखवते, आणि एकही सापडली नाही तर प्रश्नचिन्ह. `VLOOKUP` किंवा `INDEX` आणि `MATCH` वापरून केलेला तक्ता पहिली ओळ सापडताच थांबतो आणि दुसरा विषय गुपचूप गाळतो. म्हणून इथे ते नकोत. मात्र 'आठवी अ' सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. एके ठिकाणी 'आठवी-अ' झाले की ती ओळ तक्त्यातून नाहीशी होते आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते.

टक्कर दिसली म्हणजे चूकच असेही नाही. शुक्रवारी आठव्या तासाला दोन्ही तुकड्यांचे शारीरिक शिक्षण मैदानावर एकत्र असेल, तरी पहिल्या सूत्राचे उत्तर 2 येईल. ती ओळ काढू नका, शेजारी 'एकत्र' लिहा. सूत्राची खरी मर्यादा दोन सत्रांच्या शाळेत लागते. सकाळच्या सत्रातला सहावा तास आणि दुपारच्या सत्रातला पहिला तास घड्याळात एकमेकांवर येत असतील आणि शिक्षक दोन्हीकडे शिकवत असेल, तर तासिकेचा आकडा फसवतो. तिथे सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ ताडूनच पाहावी लागते.

एवढे करण्यापेक्षा वेळापत्रक बनवणारे सॉफ्टवेअर का घेऊ नये, हा आक्षेपही येतो. ते सॉफ्टवेअर वेगळे काम करते. वर्ग आणि शिक्षक यांची सांगड घालण्याचा प्रश्न गॉटलीब यांनी 1962 मध्ये गणिती रूपात मांडला, आणि इव्हन, इताई व शामीर यांनी 1976 मध्ये दाखवले की शिक्षकांच्या उपलब्धतेची बंधने आली की त्याच्या साध्या रूपालाही झटपट उत्तर देणारी खात्रीची पद्धत सापडण्याची आशा फार कमी आहे. आपल्याकडे मात्र ती सांगड घालण्याचे निर्णय आधीच झालेले आहेत. ते न बदलता चौकटीत उतरवायचे आहेत. ब तुकडीचे शनिवारचे गणित दुसऱ्या तासाला सरकवले की त्या तासाचा विषय आणि त्याचा शिक्षक हलवावा लागतो, मग तिसरा. उतरवून घेणाऱ्याने तिथे हात घालू नये. प्रश्नचिन्ह तसेच ठेवून वेळापत्रक करणाऱ्यालाच नेमके विचारावे: शनिवारी पहिल्या तासाला गणिताचे शिक्षक अ मध्ये की ब मध्ये, आणि दुसऱ्या तुकडीची सहावी तासिका कोणती?

पुढच्या आठवड्यात बदली तास नक्की घेऊ. त्याला हीच यादी लागणार आहे, तेव्हा तोवर आपल्या शाळेच्या मजकुरातला प्रत्येक 'रोज' शोधून त्यापुढे वार लिहून ठेवा.