व्हरांड्यातले भित्तिचित्र: रंग लावण्याआधीची तपासणी

शाळेच्या व्हरांड्यातली भिंत लांब आणि बुटकी असते, आणि तिच्यासमोर मागे सरकायला जागा नसते. तिच्यावरच्या चित्राचा आराखडा तपासताना या दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात. चौकातल्या मोठ्या भिंतीवरचे चित्र दुरून एका नजरेत दिसते. व्हरांड्यातले चित्र मात्र मुले चालता चालता, हातभर अंतरावरून, तुकड्यातुकड्याने पाहतात. कागदावर देखणे वाटणारे रेखाटन भिंतीवर फसते, त्याचे कारण बहुधा इथेच असते.

एक उदाहरण घेऊ. भिंत 9 मीटर लांब आणि 2.7 मीटर उंच आहे. खालच्या 90 सेंटीमीटरपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा आहे आणि व्हरांडा 2.1 मीटर रुंद आहे. विषय ठरला आहे, सह्याद्रीतून निघून खाडीला मिळणारी नदी. विषयाची निवड चांगली आहे, कारण नदी लांबीच्या दिशेने वाहते आणि मुलेही त्याच दिशेने चालतात. पण रेखाटन A4 कागदावर केलेले आहे, आणि पहिली अडचण तीच आहे. पट्टा सोडल्यावर चित्रासाठी 1.8 मीटर उंची उरते, म्हणजे लांबी उंचीच्या पाचपट होते. A4 कागदाची लांबी रुंदीच्या दीडपटही नसते. असे रेखाटन भिंतीवर नेले, तर एक तर डोंगर ताणून चपटे करावे लागतील किंवा दोन्ही बाजूंना मोकळी भिंत राहील. म्हणून आराखडा हाती येताच लांबीला उंचीने भागून पाहावे. कागदाचा आणि भिंतीचा भागाकार सारखा आला नाही, तर पुढची तपासणी थांबवून रेखाटन नव्याने मागवावे.

या भिंतीसाठी एकास दहा हे प्रमाण सोयीचे आहे. कागद 90 बाय 18 सेंटीमीटरचा होतो आणि कागदावरचा एक मिलिमीटर भिंतीवर एक सेंटीमीटर होतो. दीड सेंटीमीटरचा खंड्या भिंतीवर 15 सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास खऱ्या लहान खंड्याएवढाच होईल. तो जवळून पाहायला छान आहे. पण खेकड्याच्या नांग्या किंवा माशाचे खवले एखाद्या मिलिमीटरचे काढले असतील, तर ते मुलांच्या हातातल्या ब्रशने नीट उतरणार नाहीत. तीन मिलिमीटरांहून लहान असलेला प्रत्येक तपशील एक तर मोठा करावा, नाही तर काढून टाकावा. स्विचबोर्ड, सूचनाफलक आणि खिडक्या याच प्रमाणात कागदावर दाखवलेल्या हव्यात. त्या राहिल्या, तर ऐन होडीच्या शिडात स्विचबोर्ड येतो.

कठड्याला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाला एका वेळी साधारण सव्वादोन मीटर रुंदीचा भागच आरामात दिसतो. त्यामुळे आराखड्यावर पुठ्ठ्याची चौकट ठेवून तो दोन-दोन मीटरच्या तुकड्यांत पाहावा. प्रत्येक तुकड्यात पाहण्यासारखे काही असले पाहिजे. दुरून येणाऱ्याला भिंत तिरकी दिसते. भिंतीपासून एक मीटरवर चालणाऱ्याला पाच मीटर पुढचा आकार त्याच्या खऱ्या रुंदीच्या पंचमांशाएवढाच भासतो. तिरक्या नजरेला उभी झाडे आणि शिडाच्या काठ्या ओळखू येतात, चेहरे मात्र येत नाहीत. पहिलीतल्या मुलाची नजर जमिनीपासून मीटरभर उंचीवर असते. म्हणून मासे, खेकडे, तिवरांची मुळे हा सगळा बारीक ऐवज 90 ते 150 सेंटीमीटरच्या पट्ट्यात यावा आणि डोंगर, आकाश वर जावेत. या आराखड्यात मासे मध्यावर आणि सर्वांत सुंदर पक्षी छताजवळ होते. तिथे तो कोणाच लहान मुलाला धड दिसला नसता.

रंग तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे रंगीत रेखाटनाचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढणे. या नदीत आकाश निळे, पाणी निळे आणि डोंगर जांभळट होते. फोटोत तिन्ही एकाच करड्या छटेचे निघाले. याचा अर्थ व्हरांड्याच्या मंद उजेडात ते एकमेकांत मिसळले असते. आकाश फिकट, डोंगर मध्यम आणि पाणी गडद केले की तेच तीन रंग सुटे दिसतात. खालच्या ऑइल पेंटच्या पट्ट्याचा रंगही चित्राचाच भाग धरावा, कारण तो चित्राला खालून कायम चिकटलेला दिसतो.

शेडकार्डवरच्या चिमुकल्या चौकोनात सौम्य वाटलेला हिरवा मोठ्या भिंतीवर भडक होतो. म्हणून प्रत्येक मुख्य रंगाचा फूटभर चौकोन प्रत्यक्ष भिंतीवर लावून, वाळल्यावर सकाळी आणि दुपारी पाहावा. अॅक्रिलिक इमल्शन वाळल्यावर बहुधा किंचित गडद होते, त्यामुळे ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर मिसळून फिकट छटा चांगल्या होतात, पण गडद रंगासाठी स्टेनर ओतत राहिले तर रंग हाताला लागतो. गडद छटा तयारच घ्यावी. एक रंग एकाच वेळी पुरेसा कालवून ठेवणेही महत्त्वाचे आहे. आकाश सहा चौरस मीटर धरले आणि दोन हात द्यायचे असले, तर लिटरला सुमारे दहा चौरस मीटर या हिशेबाने सव्वा लिटर लागतो. दीड लिटर कालवावा, कारण दुसऱ्यांदा कालवलेली छटा पहिलीशी क्वचितच जुळते.

रेखाटन भिंतीवर उतरवण्याआधी तळहात भिंतीवर घासून पाहावा. पांढरी पूड आली, तर जुना चुना खरवडून प्राइमर द्यावा लागेल. ओल किंवा लोणा दिसत असेल, तर आधी तिचे कारण दूर करावे. त्यावर रंग टिकत नाही.

लांब भिंतीसाठी चौकटींची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. पायाचा रंग वाळल्यावर भिंतीवर 30 सेंटीमीटरच्या आणि कागदावर 3 सेंटीमीटरच्या चौकटी आखायच्या. इथे लांबीत 30 आणि उंचीत 6, अशा 180 चौकटी होतात. आडवी रेषा फरशीपासून मोजू नये, कारण पाणी वाहून जाण्यासाठी व्हरांड्याला अनेकदा उतार दिलेला असतो. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी घ्यावी, उभ्या रेषेसाठी ओळंबा सोडावा आणि फिकट खडूची पूड लावलेले सूत मारावे. निळीची पूड टाळावी, ती वरच्या फिकट रंगातून फुटते. मग पूर्ण आयताचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे, इथे सुमारे 918 सेंटीमीटर, आले तरच कोन बरोबर आहेत. उभ्या ओळींना आकडे आणि आडव्यांना अक्षरे दिली नाहीत, तर मुले हमखास एक ओळ चुकतात आणि नदी मध्येच तुटते. रेघ चौकटीची कड कुठे छेदते, अर्ध्यावर की तिसऱ्या हिश्श्यावर, तेवढे बिंदू आधी मांडून मग ते जोडावेत. रेखाटनाला खडू किंवा पाणी मिसळलेला फिकट रंग वापरावा. मार्कर आणि बॉलपेनची शाई वरच्या रंगातून डोकावते.

प्रोजेक्टर झटपट वाटतो, पण अरुंद व्हरांड्यात तो फारसा चालत नाही. प्रोजेक्टर ज्या अंतरावर ठेवला त्याच्या दोन-तृतीयांश रुंदीचे चित्र तो पाडत असेल, तर 2.1 मीटरवरून जेमतेम 1.4 मीटर रुंदीचे चित्र पडेल. ते वाढवण्यासाठी तो तिरका ठेवला की एक बाजू फुगते. बगळ्यांचा थवा किंवा सारख्याच माशांची रांग असेल, तर भरतकामातला खाका उत्तम. जाड कागदावर आकार काढून रेघेवर सुईने भोके पाडायची, कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाची पूड बांधलेली पुरचुंडी त्यावर हलकेच आपटायची.

रंग विकत घेण्याआधी शाळेने चित्रकाराकडे एवढे तरी मागावे: आराखड्यातला कोणताही दोन मीटरचा तुकडा खडूने पूर्ण आकारात भिंतीवर काढून दाखवा, आणि तो पाहायला पहिलीतल्या मुलांना बोलवा.