विभागप्रमुख रजेवर गेल्यावर

समजा, ऑगस्टच्या मध्यावर रसायनशास्त्र विभागातल्या एका सहायक प्राध्यापकाने राजीनामा दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार त्याच्याकडे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन होते. नवी नेमणूक विभागप्रमुखाच्या हातात नसते. वर्ग मात्र उद्याही भरणार आहेत. प्रमुख आणि चार सहकारी, एवढ्यांनीच हे १६ तास भरून काढायचे आहेत.

हुकमी स्वभावाचा प्रमुख दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना काढतो: प्रत्येकाला चार तास, खाली सही करा. या पद्धतीला सरसकट नावे ठेवू नयेत, कारण एकही तास बुडत नाही आणि सत्राच्या मध्यात ही साधी गोष्ट नाही. अडचण पुढे येते. सेंद्रिय रसायनाच्या शिक्षकाच्या वाट्याला क्वांटम रसायन आलेले असते. ‘मला हे नीट शिकवता येणार नाही,’ असे साहेबांना सांगायची सोय नसते, म्हणून तो जुन्या नोट्स वर्गात उतरवून देतो. प्रमुखाला हे कळते ते निकाल लागल्यावर.

कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केलेला अभ्यास १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे गट मुखवटे वगैरे बनवत आणि त्यांच्यावरचे प्रौढ ठरवून वेगवेगळ्या पद्धतींनी वागत. हुकूम सोडणारा प्रौढ खोलीत असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर पडला की ढेपाळे. विचारविनिमय करणाऱ्याच्या गटात ते पुढेही चालू राही. तिसरा प्रौढ मुलांना मोकळे सोडून देई. त्या गटांचे काम सर्वांत विस्कळीत. मुलांच्या छंदवर्गावरून कॉलेजबद्दल सगळे ठरवता येणार नाही, पण प्रमुख परीक्षेच्या कामाला किंवा रजेवर गेल्यावर विभागात काय होते, हा प्रश्न तिथून नक्की घ्यावा.

सेवक नेतृत्वाची कल्पना मांडली रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत आयुष्य घालवून ते १९६४ मध्ये निवृत्त झाले आणि १९७० मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. त्यांची कसोटी अशी: ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का, अधिक शहाणी आणि स्वतंत्र झाली का?

आपल्याकडे ही कल्पना बहुधा इथेच फसते. सेवाभावी प्रमुख १६ पैकी आठ तास स्वतःवर घेतो. नॅकची माहिती रात्री घरी बसून तोच भरतो, अंतर्गत गुणांच्या याद्याही तोच तपासतो. सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. पण त्याच्या हाताखालच्या तरुण प्राध्यापिकेला वेळापत्रक लावता येत नाही, विद्यापीठाशी पत्रव्यवहार जमत नाही. तो आजारी पडला की विभाग थांबतो. म्हणजे हुकमी प्रमुखाच्या गैरहजेरीत होते तेच इथेही झाले. ग्रीनलीफच्या कसोटीवर हा माणूस नापास आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका अन्यायाचा. ‘कोण काय घेईल?’ असे विचारून प्रमुख थांबला, तर ज्याला नाही म्हणता येते तो सुटतो. उरलेले आठ तास भिडस्त माणसाच्या गळ्यात पडतात. म्हणून विचारून झाल्यावर ठरवायलाही हवे. प्रत्येकाचा सध्याचा भार आणि विषय कागदावर सर्वांसमोर ठेवावा, आक्षेपांना दोन दिवस द्यावेत, तिसऱ्या दिवशी निर्णय प्रमुखाने स्वतःच्या सहीने घ्यावा. क्वांटम रसायन ज्याला येते त्याला ते द्यावे आणि बदल्यात त्याचे दुसरे काम काढून घ्यावे.

काही ठिकाणी तर चर्चेला जागाच नाही. प्रयोगशाळेत डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रात्यक्षिकाच्या गुणांत फेरफार करा, असे कोणी सुचवले तर नाही म्हणजे नाही. लैंगिक छळाची तक्रार आली, तर ‘आपसात मिटवू’ म्हणणारा प्रेमळ प्रमुख तक्रारदारावर अन्याय करतो. अशा तक्रारीसाठी २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती नेमलेली आहे आणि प्रमुखाने तक्रारदाराला तिच्याकडे जाण्यासाठी मदत करायची असते.

येत्या जूनमध्ये तुमच्याकडे विभाग येणार असेल, तर मागच्या दोन वर्षांची वेळापत्रके मागवून घ्या. सकाळचा पहिला तास आणि शनिवारची प्रात्यक्षिके पुन्हा पुन्हा कोणाच्या नावावर आहेत ते मोजा, आणि नवी वाटणी करण्याआधी त्या माणसाशी बोला.