मुक्तिवेगाचा प्रश्न कोणत्या रकान्यात?

एका ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या १८ पट आणि त्रिज्या दुप्पट असेल, तर त्या ग्रहावर मुक्तिवेग किती? दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये शोभेल असा हा प्रश्न. १८ ला २ ने भागले की ९, त्याचे वर्गमूळ ३, आणि पृथ्वीचा मुक्तिवेग सेकंदाला ११.२ किलोमीटर असल्याने उत्तर ३३.६. विद्यार्थ्याचे काम इथे संपते. हाच प्रश्न स्कॅन केलेल्या प्रश्नसंचातून उचलून तक्त्यात बसवणाऱ्या शिक्षकाचे काम मात्र इथून सुरू होते.

छापील पान ३०० डीपीआयवर स्कॅन केले की चित्रातली अक्षरे ओळखण्यासाठी ‘टेसरॅक्ट’ हा मोफत प्रोग्राम वापरता येतो. मराठी मजकुरात रोमन सूत्रे असतात, म्हणून दोन्ही भाषा सांगाव्या लागतात:

```
tesseract pan07.png pan07 -l mar+eng
```

हाती येणारा मजकूर बराचसा बरोबर असतो, आणि तोच धोका आहे. ‘ध’चा ‘घ’ झाला तर वाचणाऱ्याला लगेच खटकते. ११.२ मधला टिंब गळून ११२ झाला, किंवा दहाचा उणे अकरावा घात सपाट होऊन ‘10-11’ उरला, तर वाक्य तरीही शुद्धच दिसते. शब्दलेखन तपासणारी कोणतीही सोय ही चूक पकडत नाही. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून फक्त आकडे, चिन्हे आणि एकके तपासण्याची एक वेगळी फेरी लागते. शक्यतो ती दुसऱ्या माणसाने करावी. आकृत्या कापून स्वतंत्र ठेवायच्या आणि त्यांच्या फाइलचे नाव प्रश्नासमोर लिहायचे.

तक्त्यातली एक ओळ म्हणजे स्वतंत्रपणे सोडवता येईल असा एक प्रश्न. हा नियम पाळला की गुणांचा रकाना स्वतःच पहारेकरी होतो. विज्ञान भाग १ ची प्रश्नपत्रिका ४० गुणांची, पण ‘कोणतेही दोन’, ‘कोणतेही पाच’ अशा पर्यायांमुळे छापलेल्या प्रश्नांच्या गुणांची बेरीज ६० होते. तिसऱ्या प्रश्नातच ३ गुणांचे ८ उपप्रश्न असतात आणि त्यांतले ५ सोडवायचे असतात. एका प्रश्नपत्रिकेच्या ओळींची बेरीज ५७ आली, तर बहुधा ३ गुणांचा एखादा उपप्रश्न आधीच्या ओळीला चिकटला आहे. ती शोधायला पाच मिनिटेही लागत नाहीत. एक्सेलमध्ये काम असेल तर प्रश्नक्रमांकाचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. नाहीतर ‘3-5’ची तारीख होते.

आता धडा. मुक्तिवेगाचे सूत्र ‘गुरुत्वाकर्षण’मध्ये शिकवले जाते, आणि ‘अवकाश मोहिमा’मध्ये मुक्तिवेग पुन्हा भेटतो. दोन शिक्षक दोन ठिकाणी नोंद करतील आणि दोघेही चुकलेले नसतील. यावर ‘मुख्य धडा’ आणि ‘अन्य धडा’ असे दोन रकाने हा उपाय आहे. जे सूत्र किंवा जी संकल्पना आल्याशिवाय उत्तर लिहिताच येत नाही, तिचा धडा मुख्य. त्या नियमाने हा प्रश्न ‘गुरुत्वाकर्षण’चा. धड्यांची नावे टंकित न करता ठरलेल्या यादीतून निवडावीत, नाहीतर ‘उष्णता’ आणि ‘उष्णता ’ (शेवटी एक मोकळी जागा) हे संगणकाला दोन धडे वाटतात.

सर्वांत जास्त फसवणारा रकाना काठिण्याचा. जास्त गुण म्हणजे कठीण, असे गृहीत धरून तो भरला जातो. समजा, पूर्वपरीक्षेत मुक्तिवेगाचा ३ गुणांचा प्रश्न १६ जणांनी सोडवला. शक्य गुण ४८, मिळाले १२, म्हणजे प्रमाण ०.२५. विद्युत मोटारीची आकृती काढून कार्य स्पष्ट करण्याचा ५ गुणांचा प्रश्न ३० जणांनी घेतला. शक्य गुण १५०, मिळाले १०५, प्रमाण ०.७. प्रमाण जितके कमी तितका प्रश्न कठीण, म्हणून ३ गुणांचा प्रश्न इथे ५ गुणांच्या प्रश्नापेक्षा बराच अवघड ठरतो. मोटारीचे उत्तर पाठ करता येते. गुणोत्तर लावून वर्गमूळ काढणे पाठ करता येत नाही.

या आकड्यालाही मर्यादा आहे. पर्यायी प्रश्न सहसा तो येणारेच निवडतात, त्यामुळे प्रमाण खऱ्यापेक्षा चांगले दिसते. म्हणून किती जणांनी प्रश्न सोडवला हेही प्रमाणाशेजारी लिहायला हवे. उत्तरपत्रिका हाती नसतील, तर शिक्षकाचा अंदाज नोंदवावा, पण ‘अंदाज’ असे स्पष्ट लिहून. अंदाज आणि मोजमाप एकाच रकान्यात मिसळले, की वर्षभराने त्यांतले काय कोणते हे ओळखता येत नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती: यंदाच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी प्रत्येक उपप्रश्नाचे गुण एका कागदावर उतरवून ठेवा.