फोटोतला जर्मन फॉर्म: कुठल्या चौकटीत काय लिहायचं?

पुण्याहून किंवा सांगलीहून शिकायला, नोकरीला जर्मनीत गेलेली मुलं पहिल्या आठवड्यातच घरच्या ग्रुपवर एका फॉर्मचा फोटो टाकतात आणि विचारतात, 'यात काय लिहू?' हा फॉर्म असतो 'आनमेल्डुंग'चा, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंद नागरिक कार्यालयात करावी लागते. ती झाल्याचा कागद बँकेपासून व्हिसापर्यंत सगळीकडे मागतात. शहर बदललं की फॉर्मची मांडणी थोडी बदलते. मात्र नोंदणीचा कायदा सगळ्या देशाला एकच असल्याने प्रश्न बहुतेक तेच राहतात.

फोटो वाचताना आधी चौकटी नीट जुळवून घ्याव्यात. या फॉर्मवर चौकटीचं शीर्षक सहसा तिच्याच डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि उत्तर त्याखाली लिहायचं असतं. फोटो तिरका आला, तर खालच्या चौकटीचं शीर्षक वरच्या चौकटीचं वाटतं आणि पुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकतात. रस्त्याच्या नावात इंग्रजी कॅपिटल बीसारखं एक अक्षर दिसेल. तो बी नव्हे, जोड एस आहे. 'फक्त कार्यालयासाठी' राखलेल्या चौकटी कोऱ्या सोडायच्या.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, प्राजक्ता सुरेश पाटील नावाची विद्यार्थिनी आहे. घराचा करार 15 सप्टेंबरपासूनचा आहे, ती जर्मनीत उतरली 28 सप्टेंबरला आणि खोलीत सामान घेऊन राहायला गेली 1 ऑक्टोबरला. फॉर्मवरचा पहिला प्रश्न असतो 'आइनत्सुग', म्हणजे घरात राहायला आल्याची तारीख. इथे 1 ऑक्टोबरच लिहायचं. कराराची तारीख टाकली, तर कागदोपत्री दोन आठवड्यांची मुदत ती तिथे पोचायच्या आधीपासून धावू लागते. तारखेचा क्रम आपल्यासारखाच दिवस, महिना, वर्ष असा असतो. जर्मन लोक एक हा आकडा डोक्यावर लांब तिरकी रेघ देऊन काढतात आणि सातला मध्ये आडवी रेघ मारतात. घरमालकाच्या हातचा कागद वाचताना हे ध्यानात नसलं, तर एकचा सात होतो.

त्यापुढे पत्त्याचे दोन भाग येतात. 'नोये वोनुंग' म्हणजे नवं घर आणि 'बिसहेरिगे वोनुंग' म्हणजे आतापर्यंतचं घर. दुसऱ्या भागात प्राजक्ता सांगलीचा पत्ता आणि देश म्हणून भारत लिहील. पुढचा प्रश्न अनेकांना अडवतो: जुनं घर तुम्ही ठेवणार आहात का? सांगलीचं घर तर आहेच, म्हणून हात आपोआप 'हो'कडे जातो. पण मुख्य घर आणि दुय्यम घर असा भेद हा कायदा फक्त जर्मनीतल्या घरांमध्ये करतो. जर्मनीत दुसरं घर नसेल, तर उत्तर 'नाइन', म्हणजे नाही. नवं घर हे 'आइनत्सिगे वोनुंग', म्हणजे एकमेव घर. चुकून 'नेबेनवोनुंग', म्हणजे दुय्यम घर, या चौकटीत खूण केली, तर बऱ्याच शहरांत त्यावर वेगळा कर लागतो.

नावाच्या रकान्यात आपली पद्धत आणि त्यांची पद्धत जुळत नाही. 'फामिलिएननामे' म्हणजे आडनाव, तिथे पाटील. 'फोरनामेन' म्हणजे आडनाव सोडून बाकीची नावं. वडिलांच्या नावासाठी वेगळी चौकट नाही. पासपोर्टवर दिलेल्या नावांत 'प्राजक्ता सुरेश' असं असेल, तर तसंच पूर्ण लिहायचं. पासपोर्टवर सुरेश नसेल, तर इथेही नको. पुढच्या प्रत्येक कागदावर हेच नाव उतरतं, म्हणून स्पेलिंगही अक्षर न अक्षर पासपोर्टसारखंच हवं. 'गेबुर्ट्सनामे' म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीने इथे माहेरचं आडनाव लिहायचं. ज्यांचं आडनाव बदललेलं नाही, त्यांनी चौकट रिकामी ठेवली तरी चालते. 'डोक्टोरग्राड' म्हणजे डॉक्टरेट. एमबीबीएस झालेल्यांना आपण डॉक्टर म्हणतो, पण ती पदवी या चौकटीत बसत नाही.

'गेबुर्ट्सओर्ट' म्हणजे जन्मगाव, तेही पासपोर्टवर आहे तेच. 'श्टाट्सआनगेह्योरिगकाइट' या लांबलचक शब्दाचा अर्थ नागरिकत्व, तिथे 'इंडिश', म्हणजे भारतीय. 'फामिलिएनश्टांट' म्हणजे वैवाहिक स्थिती. अविवाहितासाठी 'लेडिश' आणि विवाहितासाठी 'फरहायराटेट' लिहायचं. लग्न झालेलं असेल, तर लग्नाची तारीख आणि ठिकाणही विचारतात. त्यासाठी मूळ विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं जर्मन भाषांतर सोबत ठेवावं.

सगळ्यात जपून भरायची चौकट धर्माची आहे. आपल्याला तो साधा माहितीचा प्रश्न वाटतो, पण 'रेलिगिओन्सगेझेलशाफ्ट' हा प्रश्न कराशी बांधलेला आहे. जर्मन सरकार काही धर्मसंस्थांसाठी, मुख्यतः कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चसाठी, त्यांच्या सभासदांकडून कर गोळा करतं. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत तो आयकराच्या 8 टक्के आहे, इतर राज्यांत 9 टक्के. तो पगारावर मोजत नाहीत, आयकराच्या रकमेवर मोजतात. त्यामुळे आयकर लागत नाही अशा विद्यार्थ्याला तो भरावा लागत नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मुलाने खरं तेच लिहायचं आहे, पण नोकरी लागल्यावर पगारपत्रकात ही कपात दिसेल हे त्याला आधी माहीत असावं. पुढे ती थांबवायची, तर चर्चचं सभासदत्व सोडल्याची नोंद सरकारदरबारी करावी लागते. हिंदू मुलांसाठी बहुधा वेगळा पर्याय नसतो. कर घेणाऱ्या कुठल्याही संस्थेचे ते सभासद नसतात, म्हणून 'काइने', म्हणजे कोणतीही नाही, हे उत्तर बरोबर ठरतं.

शेवटी 'वोनुंग्सगेबर', म्हणजे घर देणारा. तो घरमालकच असेल असं नाही. चार मुलं मिळून राहतात त्या घरात करार एकाच्या नावावर असेल आणि त्याने तुम्हाला खोली दिली असेल, तर घर देणारा तोच. त्याच्याकडून 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' नावाचं सहीचं पत्र घ्यावं लागतं. त्यावर घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावं असतात. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. पत्रावरची तारीख आणि फॉर्मवरची तारीख एकच आहे ना, हे निघण्याआधी पडताळून पाहा. प्राजक्ताच्या पत्रात करारावरून 15 सप्टेंबर उतरलं असेल, तर ते बदलून घेतलेलं बरं.

'ओर्ट, डाटुम' म्हणजे सही करतो ते गाव आणि त्या दिवसाची तारीख. 'उंटरश्रिफ्ट' म्हणजे सही, ती पासपोर्टसारखी. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांच्या आत भेटीची वेळ मिळणं अवघड जातं. म्हणून घर ठरताच वेळ मागावी आणि ती मागितल्याचा पुरावा जपून ठेवावा. फॉर्म भरून झाला की खोलीच्या टपालपेटीवर आपलं आडनाव लावावं, कारण तिथला पोस्टमन पेटीवरचं नाव पाहूनच पत्र टाकतो. नोंदणीनंतर काही आठवड्यांत येणारा कर क्रमांक टपालानेच येतो, आणि पेटीवर नाव नसेल तर ते पत्र परत जातं.